चालत्या गाडीत कुणी ओरडायला लागलं तर तिसऱ्या माणसानं काय करावं?

कोरेगावकरीण

मंडळी, भांडायला धागा काढलेला नाही, खरोखर विचारायचं आहे.

मी साताऱ्याला नोकरीला आहे, संध्याकाळी कोरेगावच्या गाडीनं घरी येते. गेल्या आठवड्यात गाडी स्टँडवरूनच भरून निघाली. माझ्यापासून दोन बाकं पुढं एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते, हातात खताच्या दुकानाची पिशवी. त्रिपुटीचं तिकीट मागितलं आणि पाचशेची नोट पुढं केली. कंडक्टर म्हणाले, सुट्टे बघा, नाहीतर स्कॅन करा. त्यांच्याकडं साधा फोन. मग कंडक्टर म्हणाले, "तिकिटामागं लिहून देतो, उतरताना घ्या." नेहमीचंच आहे हे. पण गृहस्थ एकदम भडकले. "उतरताना तुम्ही त्या टोकाला, मी ह्या टोकाला. कोण देणार मला? अडाणी समजता काय?" आवाज इतका चढला की मागची लेकरं रडायला लागली.

पुढचा क्रम नीट सांगते, कारण प्रश्न त्यातच आहे. शेजारच्या एक मावशी म्हणाल्या, "अहो, बायामाणसं बसल्यात, शांत व्हा की." तर ते कंडक्टरला सोडून मावशींवर घसरले. मग कॉलेजच्या एका मुलानं मोबाईल वर धरला. "काढ व्हिडिओ, काढ!" करत ते त्याच्या अंगावर गेले. मागून कुणीतरी हसलं. ड्रायव्हरनी कृष्णानगरला दुकानांसमोर गाडी उभी केली, कंडक्टर खाली उतरून मोड घेऊन आले, पैसे हातात दिले. गृहस्थ बसले. वाटलं, मिटलं. माहुलीचा पूल ओलांडल्यावर मागून एक जण म्हणाला, "एवढ्याशा पैशासाठी केवढा तमाशा." झालं! त्रिपुटी येईपर्यंत पुन्हा तेच.

मारामारी झाली नाही. पण माझ्यासारखी, अंगानं किरकोळ, त्या भांडणाशी काही संबंध नसलेली बाई अशा वेळी काही करू शकते का, की ज्यानं तो माणूस निवळेल आणि माझ्यावर उलटणार नाही? की गप्प बसणं हेच बरोबर?

विट्याचा_गडी

ताई, जास्त डोकं लावू नका. असल्या माणसाला एकच जण लागतो, पण दणकट. उठायचं, दंडाला धरायचं, "बसा खाली" म्हणायचं. विषय संपला. चार जण चार बाजूंनी बोलले की तो चौघांशी भांडतो. आमच्या रूटला असंच चालतं.

आणि कंडक्टरवर ओरडला म्हणजे 353 लागतं, सरकारी कामात अडथळा. तेवढं सांगितलं की भले भले गप होतात.

तासगावी_द्राक्ष

मूळ दुखणं सुट्ट्या पैशांचं आहे. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, त्यानंतर तिकिटाचे आकडे असे झाले की रुपया-दोन रुपयांसाठी रोज तोंडाला तोंड. त्यात बायकांचं अर्धं तिकीट. आकडे पाचाच्या पटीत ठेवा, अर्धी भांडणं तिथंच बंद होतील.

कोरेगावकरीण

काका, पटतंय, पण भाडं माझ्या हातात नाही. गाडी चालू आहे आणि माणूस ओरडतोय, त्या पाच मिनिटांबद्दल विचारतेय.

खाकी_बॅग

मी सांगलीकडं कंडक्टर होतो, आता निवृत्त. सगळं आयुष्य ह्या प्रश्नात गेलं म्हणा ना. जरा लांबण लावतो.

तुमच्या गोष्टीत एक जागा आहे जिथं विषय बदलला. पाचशेची नोट, सुट्टे, स्कॅन, इथपर्यंत तो पैशाचा वाद होता. "अडाणी समजता काय" आलं आणि पैशाचा वाद संपला. आता साठ माणसांसमोर आपली किंमत गेली, हे त्या माणसाचं दुखणं. साधा फोन वापरणाऱ्याला भर गाडीत "स्कॅन करा" म्हटलं की काय वाटतं ते बघा. कंडक्टरचं चुकलं असं म्हणत नाही, मीही तेच म्हटलो असतो. पण तिथून पुढं जो कुणी बोलेल, तो त्याची किंमत आणखी कमी करतोय की थोडी वाढवतोय, एवढंच तो माणूस मोजतो. मावशींचं "शांत व्हा" म्हणजे "तुम्ही वेड्यासारखं करताय". मोबाईल म्हणजे "तुमचा तमाशा गावभर दाखवतो". हसणाऱ्याचं तर सांगायलाच नको.

आता दोन बाकं मागं बसलेल्या माणसानं काय करावं. माझं उत्तर: त्या माणसाशी बोलूच नका. कंडक्टरशी बोला. जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल पण ओरडल्यासारखं वाटणार नाही अशा आवाजात म्हणा, "मास्तर, पाचशेची मोड करायचीय का? माझ्याकडं दोनशे आहेत, आणखी कुणाकडं आहेत का बघा हो."

ह्यात काय काय होतं बघा. भांडण बघत बसलेल्या लोकांना काम मिळतं, निम्मे लोक पाकीट काढतात. म्हणजे त्या माणसासमोरची गर्दी आपोआप कमी होते, कुणाला "बघू नका" म्हणावं लागत नाही. त्याच्या तक्रारीला कुणी खोटं पाडत नाही, उलट मोड हवी ही त्याची मागणी खरी ठरते. कंडक्टरलाही मागं सरायला वाट मिळते. आणि तुम्ही कुणाच्याच बाजूनं बोललेल्या नसता, त्यामुळं तुमच्यावर यायला त्याला कारणच नसतं.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. पैसे त्या माणसाच्या हातात देऊ नका. "घ्या काका, मी देते" म्हणालात की त्याला भीक वाटते, नोटा अंगावर फेकलेल्या मी बघितल्यात. नोटा कंडक्टरकडं द्या, तो हिशोब करून त्याला देईल. आणि तिकिटाचे पैसे आपण भरतो, असं तर अजिबात म्हणू नका. त्याच्या लेखी तो पाचशेची नोट घेऊन आलेला माणूस आहे, गरीब नाही.

दुसरं, वेळ. माणूस सलग ओरडत असतो तेव्हा त्याच्या कानात काही जात नाही. पण दम घ्यायला थांबतोच. थांबला की बोलायचं, एक वाक्य, आणि आपण गप्प. त्याच्या आवाजावर आवाज चढवला की तुम्ही भांडणात आलात.

कोरेगावकरीण

हे मला सुचलंच नसतं. पण समजा तरीही ते माझ्याकडं वळले, "तू कोण मधे बोलणारी?" तर?

खाकी_बॅग

तर "मी मधे बोलत नाही" असं म्हणायचं नाही, तो वाद होतो. सोपा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्याला माहीत आहे आणि ज्यात कुणाची चूक नाही. "काका, त्रिपुटीलाच उतरायचं ना?" माणूस हो म्हणतो, नाहीतर नुसती मान हलवतो. लगेच, "मोड होतीय, पाचच मिनिटं." आणि नजर कंडक्टरकडं. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून वाट बघायची नाही.

आमच्याकडं जुने लोक "पाव्हणं, कुठल्या गावचं?" म्हणूनच सुरुवात करायचे. गाव सांगितलं की कुणीतरी ओळखीचं निघतं, मग ओरडणं अवघड जातं. पण हे वयस्कर माणसाच्या तोंडीच शोभतं. आणि माणूस नुकताच पेटलेला असेल तर "तुला काय करायचंय माझं गाव" असंही येतं. पहिला जोर ओसरल्यावरच.

विट्याचा_गडी

खाकीसाहेब, मान आहे तुमचा. पण पाकीट काढून मोड शोधत बसायचं आणि तो पोराच्या अंगावर गेला तेव्हा काय? नुसतं बघायचं?

रात्रपाळी

मी मिरजेत नर्स आहे, मनोरुग्ण विभागात बरीच वर्षं काढली आहेत. गडी, तुमचं एक शंभर टक्के बरोबर: बोलणारा एकच असावा. आमच्याकडंही तोच नियम. चार जण समजावायला लागले की माणसाला चौघांनी घेरल्यासारखं वाटतं.

पण दंडाला धरणं नको. शब्दांचं भांडण हातापायांवर येतं ते बहुतेक वेळा कुणीतरी हात लावल्यावर. चिडलेल्या माणसाला समजावायला धरलंय की पाडायला, हे कळत नाही. आमच्या वॉर्डात धरायची वेळ आलीच तर शिकवलेले चार-पाच जण ठरवून धरतात, आणि तरीही कुणाला ना कुणाला लागतं. गाडी चालू असताना, दांड्याला एका हातानं लटकून? ब्रेक लागला की दोघंही खाली.

आम्हाला शिकवतात की चिडलेल्या माणसापासून दोन हातांचं अंतर ठेवा. कोरेगावच्या गाडीत संध्याकाळी दोन बोटांचंही मिळत नाही, ठाऊक आहे. मग अंतराऐवजी आडोसा घ्या. मधे बाकाची पाठ असू द्या. समोरासमोर छाती करून उभं राहू नका, खांदा त्याच्याकडं करून थोडं तिरकं राहा, हात दिसतील असे, मोकळे. आणि दार आणि तो, ह्यांच्या मधे कधीच उभं राहू नका. खिडकीकडच्या जागेवर अडकून बसलेलं असताना तर बोलूच नका, कारण उठून जायला वाट नसते.

आता अंगावर जाण्याचं. ओरडणारा माणूस त्रासदायक असतो, पण ओरडतोय तोवर तो अजून बोलतोय. मला भीती वाटते ती ओरडता ओरडता एकदम गप्प झालेल्याची, ज्याची नजर एकाच माणसावर खिळलीय. मग हातातली पिशवी खाली ठेवतो, घड्याळ काढतो, बाही सरकवतो, एक पाय मागं टाकतो. ह्यातलं काही दिसलं की मोड वगैरे विसरा. तुम्ही लांब व्हा, ज्याच्यावर नजर आहे त्याला उठवून दुसरीकडं न्या आणि ड्रायव्हरला सांगा. कोरेगावकरीण, त्या गृहस्थांच्या हातातली पिशवी शेवटपर्यंत हातातच होती का?

कोरेगावकरीण

हो. पोराकडं गेले तेव्हाही पिशवी हातातच. तुम्ही म्हणताय म्हणून आठवलं.

रात्रपाळी

मग बहुधा मारायचा विचार नव्हता. खात्री नाही देत, पण मी असती तर तेवढ्यावर जरा सैल झाली असती. तिथं पोराला वाचवायचं म्हणजे गृहस्थांना अडवायचं नाही, पोराला हलवायचं. "अरे, तो फोन ठेव आणि इकडं ये, जरा मावशींची पिशवी धर." त्याला कारण मिळतं, माघार घेतल्यासारखं होत नाही. चिडलेल्यापेक्षा न चिडलेला माणूस हलवणं केव्हाही सोपं.

आणि तुमच्या गोष्टीतलं माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुलानंतरचा भाग. सगळ्यांना वाटतं, माणूस बसला म्हणजे शांत झाला. आवाज खाली येतो लगेच, अंग येत नाही. छातीची धडधड, हाताची थरथर ओसरायला वीस मिनिटं, अर्धा तास, कधी जास्तही लागतो. तेवढ्या वेळात छोटंसं टोचणंही पुरतं, आणि दुसऱ्या वेळी तो आधीच अर्ध्या वाटेवर असतो म्हणून जास्त जोरात पेटतो. कृष्णानगर ते त्रिपुटी म्हणजे जेमतेम तेवढाच वेळ. म्हणून पैसे मिळाल्यावर त्या विषयावर कुणीच काही बोलायचं नव्हतं. "बघा, मिळाले की नाही" हेसुद्धा नाही. तुम्ही शेजारी असता तर पाणी विचारायचं, खिडकी उघडायची, किंवा काहीच नाही.

तासगावी_द्राक्ष

"एवढ्याशा पैशासाठी" म्हणणारा प्रत्येक गाडीत असतो. त्याच्यावर कुणी संशोधन करत नाही.

कृष्णाकाठचा_आयटी

मूळचा सांगलीचा, सध्या पुण्यात. संशोधनाचा विषय निघालाच आहे तर: 2019 साली एक अभ्यास आला होता. अ‍ॅमस्टरडॅम, केपटाऊन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर, तिन्ही शहरांतल्या सीसीटीव्हीमधली रस्त्यावरची 219 भांडणं तपासली. दहातल्या नऊ भांडणांत बघ्यांपैकी कुणी ना कुणी मधे पडलंच. "आजकाल कुणी मधे पडत नाही" हे आपण उगाच बोलतो. गर्दी जास्त तशी कुणीतरी पुढं येण्याची शक्यता जास्त, असंही दिसलं.

व्हिडिओबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पुरावा नसेल तर उद्या तोच माणूस उलटी तक्रार करेल. कॉलेजच्या पोराचं काही चुकलं नाही.

रात्रपाळी

मधे पडण्यात कुणाला हाताशी धरून बाजूला नेणंही येतं आणि हातवारेही येतात. त्यातलं कुठलं गाडीतल्या आपल्या माणसावर चालेल ते त्या आकड्यावरून कळत नाही. पण लोक हलतात, हे मला माझ्या अनुभवातूनही पटतं.

व्हिडिओचं: आवाज रेकॉर्ड करायचा तर फोन मांडीवर ठेवूनही होतो. तोंडासमोर धरलेला फोन म्हणजे आणखी हजार प्रेक्षक.

कृष्णाकाठचा_आयटी

मांडीवरच्या फोनमधे कोण कुणाच्या अंगावर गेलं ते दिसत नाही. आणि समोरच्याला फोन दिसला की बरेच जण आवरतात, तेही बघितलंय.

खाकी_बॅग

आवरतात ते ज्यांना नोकरी आहे, नाव आहे. ज्याला "अडाणी समजता काय" असं वाटतंय तो आवरत नाही, चेकाळतो. माझं मत असं. पण एक खरं, कंडक्टरवर हात उचलला गेला तर व्हिडिओ आम्हाला फार उपयोगी पडतो. तेव्हा मी नाही म्हणणार नाही.

गडी, 353 बद्दल. ते जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते 132 आहे. एसटीचा कर्मचारी लोकसेवक धरला जातो, तेवढं तुमचं बरोबर. पण नुसतं ओरडलं म्हणून ते लागत नाही, हल्ला किंवा बळजबरी हवी. आणि प्रवाशानं प्रवाशाच्या अंगावर जाणं ह्यात येतच नाही, त्याची कलमं वेगळी. ते काही असो, चिडलेल्या माणसाला कलमाचा आकडा ऐकवू नका. खरं निघालं तरी धमकीच वाटते, आणि एकदा "घ्या गाडी ठाण्यात, घाबरतो काय" असं तो म्हणाला की त्यालाही मागं फिरता येत नाही. ठाण्यात गाडी न्यायचीच असेल तर ते ड्रायव्हर-कंडक्टरनी ठरवायचं, आधी जाहीर न करता.

कृष्णानगरला गाडी थांबवली ते मात्र ड्रायव्हरचं शहाणपण. उजेड, दुकानं, माणसं, आणि दार उघडं. थांबायचं तर असंच थांबावं. पुढं शेतांच्या मधे काळोखात थांबवली तर आतले सगळे त्याच्याबरोबर अडकतात, आणि तोही. दार उघडं असलं की बरेच जण दोन शिव्या घालून स्वतःच उतरून जातात. जाऊ द्यावं. "अहो, पैसे घेऊन जा" म्हणत मागं लागू नये. मी तर अशा वेळी दारापासून मुद्दाम लांब सरकायचो.

विट्याचा_गडी

132 लक्षात ठेवतो. दंडाचं अजून पटलं नाही पूर्ण. आमच्याकडचा एक जण नुसता उभा राहिला तरी गाडी गप होते, हात लावायची गरजच पडत नाही त्याला.

रात्रपाळी

मग तो हात लावत नाहीये ना, म्हणून चालतंय :)

अण्णांचा_मुलगा

जरा वेगळं लिहितो, क्षमस्व. माझे वडील म्हणजे तुमच्या धाग्यातला ओरडणारा माणूस. वय 78, दोन्ही कान कमी ऐकू येतात, मशीन घरी काढून ठेवतात. मिरजेत एका दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत खिडकीतल्या बाई काहीतरी बोलतात, काचेमुळं अण्णांना ऐकू येत नाही, ते मोठ्यानं विचारतात, बाईंना वाटतं ओरडतायत, मागचे लोक "ओ आजोबा, आवाज खाली" म्हणतात. त्यांना ते अर्धवट ऐकू येतं आणि वाटतं सगळे आपल्याला हाकलतायत. मग खरंच ओरडतात.

एकदा रांगेतल्या एका बाईंनी काय केलं, काही न बोलता अण्णांच्या शेजारी, त्यांना दिसेल अशी येऊन उभी राहिली, केसपेपरवर बोट ठेवलं आणि खिडकीकडं बोट दाखवलं. बस. मी पार्किंगमधून येईपर्यंत अण्णा तिला नातवाचं कौतुक सांगत होते. तेव्हा कृपा करून आधी बघा, समोरच्याला ऐकू तरी येतंय का. इथं सगळे त्याला समजावण्याबद्दलच बोलतायत.

रात्रपाळी

क्षमा कशाला, फार कामाचं लिहिलंत. ऐकू न येणं, साखर एकदम उतरणं, स्मरणशक्ती गेलेली असणं, ह्यात माणूस अगदी भांडखोर दिसतो. साखर उतरलेल्याला घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं तुटक आणि विसंगत होतं. त्याला काय उत्तर देताय ह्यानं काही फरक पडत नाही, गिळता येत असेल तर साखर, सरबत, गोळी असं काही गोड लागतं. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

अण्णांसाठी एक करून बघा. त्यांच्या केसपेपरच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहा, "मला ऐकू कमी येतं, समोर येऊन हळू बोला." रांगेत त्यांच्या हातात ती वर दिसेल अशी द्या. त्यांना आवडेल का, ते तुम्हाला ठाऊक.

अण्णांचा_मुलगा

आवडणार नाही :) पण फाइल माझ्या हातात असते, मीच वर धरतो.

कोरेगावकरीण

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. सुट्ट्यांवरून चिडलेला गृहस्थ आणि शेवटच्या गाडीतला पिऊन आलेला, दोघांना एकच उपाय का? कारण शेवटच्या गाडीत माणसंही कमी असतात.

खाकी_बॅग

नाही. पिलेल्याला मोड, गाव, प्रश्न काही उपयोगाचं नाही. एका मिनिटापूर्वी काय म्हणाला ते त्याला आठवत नाही, त्यामुळं तुम्ही नीट बोललात हेही आठवत नाही. त्याच्याशी बोलायचं ते फक्त कंडक्टरनी. तुम्ही काय करायचं: शेवटच्या गाडीत बसतानाच ड्रायव्हरच्या मागच्या बाकांवर बसा, मागं कोपऱ्यात नको. तो शेजारी येऊन बसला तर फोन आल्यासारखं करा, उठा, पुढं या. कुणाला कारण सांगू नका. कंडक्टरशेजारी उभ्या राहिलात तरी चालेल, तिकिटाचं काहीतरी विचारा, तो समजतो. त्याच्या हद्दीबाहेर गेलं तर 112. गाडीचा नंबर तिकिटावर असेल असं धरून चालू नका, चढताना नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे बघून ठेवा. फोनवर पोलिसांना गाडी कुठली, कुठल्या गावाजवळ, कुठल्या दिशेनं, एवढं सांगता आलं पाहिजे.

आणि तो तुमच्या आधीच्या थांब्यावर उतरला तर खूश होऊन लगेच मागं जाऊ नका. गाडी सुटता सुटता पुन्हा चढणारे असतात.

तासगावी_द्राक्ष

पुन्हा चढतो आणि पुन्हा पाचशेची नोट काढतो.

विट्याचा_गडी

तेव्हा मात्र मी दंडाला धरणार.